स्क्रीन का फाटते आणि अडॅप्टिव्ह सिंक कुणाच्या कामाचे

ऑफिसच्या कामासाठी चोवीस इंची साधा मॉनिटर घ्यायला गेले, तरी हल्ली खोक्यावर ‘अडॅप्टिव्ह सिंक’ किंवा ‘फ्रीसिंक’ असे छापलेले दिसते. दुकानदारही सांगतो की यात स्क्रीन फाटत नाही आणि डोळ्यांना त्रास होत नाही. यातली पहिली गोष्ट काही अटींवर खरी आहे. दुसरीचा या तंत्राशी फारसा संबंध नाही. डोळ्यांचा शीण हा उजेड, अक्षरांचा आकार, बसण्याचे अंतर आणि मागचा दिवा लुकलुकतो की नाही यांवर अवलंबून असतो. तरीही एक्सेल आणि ईमेलपुरता कॉम्प्युटर वापरणारी माणसे या छापील शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजतात. म्हणून हे तंत्र नेमके काय करते, हे एकदा मुळापासून समजून घ्यायला हवे.

फाटलेली स्क्रीन सगळ्यात ठळक दिसते ती कार रेसच्या खेळात. गाडी झपकन वळते, रस्त्याकडेचे विजेचे खांब डावीकडून उजवीकडे पळतात आणि मध्येच एका खांबाचे दोन तुकडे झालेले दिसतात. वरचा अर्धा एका जागी, खालचा अर्धा बोटभर सरकलेला. दोन्हींच्या मध्ये पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आडवी रेघ. पुढच्या क्षणी ती रेघ तिथे नसते, दुसरीकडे कुठे तरी उमटते. इंग्रजीतला ‘टेअरिंग’ हा शब्द याचसाठी रूढ झाला.

यात मॉनिटर बिघडलेला नसतो. पडद्यावर चित्र एकदम उमटत नाही, हे त्यामागचे कारण आहे. ग्राफिक्स चिप तयार चित्र आपल्या मेमरीत ठेवते आणि तिथून ते ओळीओळीने मॉनिटरकडे जाते. आधी सगळ्यात वरची ओळ, मग तिच्या खालची, असे करत तळापर्यंत. ६० हर्ट्झचा मॉनिटर हे काम सेकंदाला ६० वेळा करतो, म्हणजे एका फेरीला १६.७ मिलिसेकंद लागतात. फुल एचडी पडद्यावर दिसणाऱ्या ओळी १०८० असतात, पण ठरलेल्या मापाच्या सिग्नलमध्ये ओळी ११२५ असतात. वरच्या ४५ ओळी रिकाम्या. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत तळाशी पोचल्यावर पुन्हा वर जायला वेळ लागे. त्यासाठी ठेवलेली ती विश्रांती आहे. नळी गेली, एलसीडी आले, तरी विश्रांती सिग्नलमध्ये राहिली. ती जेमतेम पाऊण मिलिसेकंदाची असते, पण पुढचे सगळे तिच्याभोवती फिरते.

ग्राफिक्स चिपकडे चित्राच्या किमान दोन प्रती असतात. एक मॉनिटरकडे जात असते, दुसरी तयार होत असते. दुसरी पुरी झाली की अदलाबदल होते. ही अदलाबदल त्या विश्रांतीत झाली तर काहीच बिघडत नाही. पण खेळातले चित्र घड्याळ बघून तयार होत नाही. मोकळ्या रस्त्याचे चित्र १२ मिलिसेकंदांत होते, धूर आणि गर्दी असलेल्या चौकाचे २० मिलिसेकंदांत. समजा, मॉनिटरची फेरी सुरू होऊन १० मिलिसेकंद झालेत, सुमारे ६७५ ओळी पडद्यावर गेल्यात, आणि नेमकी तेव्हाच अदलाबदल झाली. मॉनिटरला त्याची खबर नसते. तो ६७६वी ओळ मागतो, ती मिळते नव्या चित्रातली. वरचा भाग जुन्या क्षणाचा, खालचा नव्या क्षणाचा, आणि खांबाचे दोन तुकडे.

यावरचा जुना उपाय म्हणजे ‘व्ही-सिंक’. चिपला सांगायचे की चित्र तयार झाले तरी विश्रांती येईपर्यंत थांब. फाटणे त्याने पूर्ण थांबते. पण थांबण्याची किंमत मोठी आहे. एखादे चित्र तयार व्हायला १८ मिलिसेकंद लागतात असे धरू. १६.७ ची वेळ थोडक्यात हुकली. आता ते पुढच्या विश्रांतीपर्यंत, म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांपर्यंत, ताटकळणार आणि तोवर पडद्यावर जुनेच चित्र पुन्हा दिसणार. दोनच प्रती ठेवणाऱ्या साध्या पद्धतीत सेकंदाला ५५ चित्रे काढण्याची ताकद असलेली चिप ३० चित्रांवर येऊन बसते. तिसरी प्रत ठेवली तर इतकी घसरण होत नाही, पण काही चित्रे एक फेरी टिकतात आणि काही दोन, त्यामुळे हालचाल अडखळते. शिवाय माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ वाढतो. नेमबाजीचे खेळ खेळणारे व्ही-सिंक बंद ठेवून फाटलेली स्क्रीन पत्करतात, ते याच उशिरामुळे.

अडॅप्टिव्ह सिंक हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवते. चिपने मॉनिटरसाठी थांबण्याऐवजी मॉनिटर चिपसाठी थांबतो. ते होते त्या विश्रांतीच्या जागी. ७५ हर्ट्झचा मॉनिटर आपली फेरी १३.३ मिलिसेकंदांत पुरी करतो. पुढचे चित्र १८ मिलिसेकंदांनी येणार असेल, तर मॉनिटर तळाच्या ओळीनंतरची विश्रांती साधारण ५ मिलिसेकंदांनी लांबवतो. चित्र तयार झाले की लगेच पहिल्या ओळीपासून सुरुवात. पुढचे १५ मिलिसेकंदांत आले तर विश्रांती तेवढी आखूड. त्या क्षणापुरता मॉनिटर कधी ५५ हर्ट्झचा असतो, कधी ६६ चा. अदलाबदल नेहमी विश्रांतीत होते, म्हणून फाट नाही. आणि ठरलेल्या ठोक्याची वाट पाहावी लागत नाही, म्हणून अडखळणेही नाही.

ही कल्पना बाजारात आधी आणली एनव्हीडियाने. ऑक्टोबर २०१३ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या ‘जी-सिंक’साठी मॉनिटरमध्ये खास इलेक्ट्रॉनिक पाटी बसवावी लागे, त्यामुळे मॉनिटर महाग पडत. मग मॉनिटरची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने मे २०१४ मध्ये डिस्प्लेपोर्टच्या १.२ए आवृत्तीत अडॅप्टिव्ह सिंक हा ऐच्छिक भाग म्हणून घेतला. एएमडीचे ‘फ्रीसिंक’ त्यावरच उभे राहिले आणि २०१५ मध्ये तसे मॉनिटर दुकानांत आले. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हीडियानेही आपल्या कार्डांना असे मॉनिटर चालवण्याची मुभा दिली. खास पाटीची गरज उरली नाही, खर्च उतरला आणि हे तंत्र स्वस्तातल्या ऑफिस मॉनिटरवरही येऊन पोचले. आज खोक्यावर दिसणारे नाव त्या वाटेने आलेले आहे.

आता ऑफिसचा प्रश्न. वर्डमधले पान वर-खाली करणे, एक्सेलचा लांबलचक तक्ता सरकवणे, ब्राउझरमध्ये बातम्या वाचणे, व्हिडिओ कॉल करणे, या कामांत स्क्रीन फाटते का? आजच्या विंडोजवर जवळजवळ नाहीच. विंडोज एक्सपीच्या काळात प्रत्येक प्रोग्राम आपली खिडकी थेट पडद्याच्या मेमरीत रंगवत असे. खिडकी पटकन ओढली की तिची कड फाटलेली दिसे. व्हिस्टापासून ही पद्धत बदलली. आता प्रत्येक प्रोग्राम आपले चित्र बाजूला तयार करतो आणि ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ नावाचा विंडोजचा भाग ती सगळी चित्रे एकत्र जुळवून, विश्रांतीची वेळ साधून, एकच पुरे चित्र पडद्याकडे देतो. विंडोज ७ मध्ये हा भाग बंद करता येत असे. विंडोज ८ पासून तो कायम चालू असतो. मॅकवरही खिडक्या अशाच जुळवल्या जातात. लिनक्सवर वेलँड ही नवी व्यवस्था असेल तर तेच होते. जुन्या एक्स११ वर जुळवणारा भाग बंद असेल तर मात्र सिनेमा पाहतानाही फाट दिसते.

याचा अर्थ असा की ऑफिसच्या डेस्कवर फाटण्याचा प्रश्न सॉफ्टवेअरने केव्हाच मिटवलेला आहे. अडॅप्टिव्ह सिंक तिथे सोडवणार तरी काय? विंडोजच्या साध्या डेस्कटॉपवर ते एरवी कामालाच लागत नाही. मॉनिटर आपल्या ठरलेल्या ६०, ७५ किंवा १०० हर्ट्झवरच चालत राहतो.

तरीही ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खिडकी ओढताना तुकडे दिसत असतील तर नवा मॉनिटर घेण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडावा. ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’खाली इंटेल, एएमडी किंवा एनव्हीडियाच्या नावाऐवजी Microsoft Basic Display Adapter असे दिसले, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज नव्याने टाकलेल्या कॉम्प्युटरवर असे होते. मग सगळे चित्र प्रोसेसरच्या जोरावर रंगवले जाते. खिडक्या जड सरकतात, फाटतात. योग्य ड्रायव्हर टाकला की त्रास जातो, खर्च शून्य. मीटिंगच्या खोलीत लॅपटॉपचेच चित्र प्रोजेक्टरवर उमटवताना दोन्ही पडद्यांचे हर्ट्झ वेगळे असतील तरीही एका पडद्यावर फाट दिसू शकते. दोन्ही ६० वर आणून पाहावे.

ऑफिसमध्ये ज्याचा फरक खरोखर जाणवतो ते वेगळेच आहे, मॉनिटरचा कमाल वेग. ६० हर्ट्झवरून १०० किंवा १२० वर गेले की माउसचा बाण सलग पळतो आणि पान सरकवताना अक्षरे कमी पुसट होतात. हे कुणालाही शेजारी शेजारी ठेवून दिसते. पण तो गुण वेगाचा आहे, अडॅप्टिव्ह सिंकचा नाही. जाहिरातीत दोन्ही शब्द एकाच ओळीत येतात म्हणून श्रेय चुकीच्या खात्यात जाते. बरेचदा तर १०० हर्ट्झचा मॉनिटर घेऊनही तो ६० वरच चालत असतो, कारण विंडोजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’च्या पानावर जाऊन रिफ्रेश रेट कुणी बदललेला नसतो.

काही लॅपटॉपवर मात्र बदलत्या वेगाचा ऑफिसवाल्यांनाही उपयोग आहे. विंडोज ११ मध्ये ‘डायनॅमिक रिफ्रेश रेट’ नावाची सोय आहे. त्यासाठी पडदा किमान १२० हर्ट्झचा आणि बदलता वेग पेलणारा लागतो. मजकूर स्थिर असताना पडदा ६० वर राहतो, पान सरकवताना किंवा पेनने लिहिताना १२० वर जातो. इथे फायदा बॅटरीचा आहे. टेबलावरच्या, भिंतीतून वीज घेणाऱ्या मॉनिटरला त्याचे काही अप्रूप नाही.

सिनेमे आणि मालिका पाहणाऱ्यांची तक्रार वेगळी असते. कॅमेरा हळूहळू आडवा फिरतो तेव्हा चित्र हलके अडखळते. ही फाट नव्हे. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे असतात आणि ६० ला २४ ने भाग जात नाही. त्यामुळे एक चित्र तीन फेऱ्या टिकते, पुढचे दोन, मग पुन्हा तीन. म्हणजे एक ५० मिलिसेकंद, दुसरे ३३. डोळ्याला जाणवतो तो हा लंगडा ठेका. आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत ५० हर्ट्झची, त्यामुळे मालिकांचे चित्रण बहुधा सेकंदाला २५ चित्रांचे. ते ६० हर्ट्झवर आणखीच वेडेवाकडे बसते. अडॅप्टिव्ह सिंकने हे सुटायला हवे आणि तत्त्वतः सुटतेही. २०२२ मध्ये व्हेसाने ‘मीडियासिंक’ हा शिक्का काढला तो याच कामासाठी. पण मॉनिटर तयार असून भागत नाही. व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रामनेही त्याचा वापर करायला हवा, आणि रोजच्या वापरातले ब्राउझर साधारणपणे तो करत नाहीत. त्याहून सोपा उपाय हाताशी आहे. १२० ला २४ ने नेमका भाग जातो, म्हणून सिनेमासाठी १२० हर्ट्झचा पडदा पुरतो. मालिकेसाठी मॉनिटर किंवा टीव्ही ५० किंवा १०० हर्ट्झ देत असेल तर तो ठेवावा.

म्हणजे उरला तो अधूनमधून खेळणारा माणूस. सुट्टीच्या दिवशी मुले कॉम्प्युटरवर रेस खेळतात, कुणी रात्री तासभर फुटबॉल खेळतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या पोटातल्या चिपवर भागवायचे. अडॅप्टिव्ह सिंकचा सगळ्यात जास्त उपयोग कुणाला व्हावा तर यालाच, कारण त्याची चिप कधीच एकसारख्या वेगाने चित्रे देत नाही. महागडे कार्ड असलेला खेळाडू सेकंदाला दीडशे चित्रे काढतो, तिथे फाट झाली तरी ती पुढच्या काही मिलिसेकंदांत पुसली जाते आणि तिच्यातला सरकाही बारीक असतो. ४० आणि ६० च्या मध्ये झोके घेणाऱ्या खेळात प्रत्येक फाट डोळ्यात भरते.

अडचण अशी की नेमक्या याच माणसाच्या मॉनिटरवर हे तंत्र तोकडे पडते. खोक्यावर नाव ठळक असते, पण एक आकडा बहुतेकदा तिथे नसतो. तो म्हणजे मॉनिटर किती ते किती हर्ट्झपर्यंत वेग बदलू शकतो. ७५ हर्ट्झच्या पुष्कळ मॉनिटरांची ही मर्यादा ४८ ते ७५ असते. खेळ सेकंदाला ५५ चित्रे देत असेल तर उत्तम, मॉनिटर ५५ वर चालतो. गर्दीच्या चौकात वेग ४० वर आला की मॉनिटर तिथवर खाली उतरू शकत नाही. इतका वेळ थांबला तर एलसीडीवरचे चित्र फिके पडू लागते आणि पडदा लुकलुकतो, म्हणून खालची हद्द ठेवलेली असते. हद्द ओलांडली की फाटणे किंवा अडखळणे परत येते, आणि तेही खेळ सगळ्यात जड झालेला असताना.

चांगल्या मॉनिटरवर यावर तोड आहे. खेळ ४० वर आला तर प्रत्येक चित्र दोनदा दाखवायचे, म्हणजे मॉनिटरचा वेग होतो ८०. ४८ ते १०० अशी मर्यादा असलेल्या मॉनिटरला ८० सहज जमतात आणि खेळणाऱ्याला काही कळतही नाही. ४८ ते ७५ च्या मॉनिटरला ८० जमत नाहीत, म्हणून ही युक्ती तिथे चालत नाही. हिशोब एवढाच की वरचा आकडा खालच्याच्या दुपटीहून जास्त हवा. १०० हर्ट्झचे मॉनिटर आता ऑफिसच्या वर्गातही मिळतात, आणि किमतीत फार अंतर नसेल तर ७५ सोडून १०० घेण्याचे हे भक्कम कारण आहे.

वरच्या बाजूलाही हद्द असते. एखादा जुना, हलका खेळ ७५ च्या मॉनिटरवर सेकंदाला १२० चित्रे देऊ लागला की अडॅप्टिव्ह सिंक बाजूला पडते आणि फाट पुन्हा दिसते. खेळाच्या किंवा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये चित्रांची कमाल संख्या ७२ ठेवली की ती थांबते.

दुसरा अडथळा केबलचा. स्वस्त मॉनिटरला मागे बहुधा व्हीजीए आणि एचडीएमआय अशी दोनच तोंडे असतात. व्हीजीएवर हे तंत्र चालतच नाही. एचडीएमआयमध्ये बदलता वेग अधिकृतपणे आला तो २.१ आवृत्तीत, २०१७ मध्ये. त्याआधीच्या एचडीएमआयवर चालणारे फ्रीसिंक ही एएमडीची स्वतःची जोड आहे. अशा मॉनिटरला एनव्हीडियाचे कार्ड एचडीएमआयने जोडले तर अडॅप्टिव्ह सिंकचा पर्याय दिसतच नाही आणि मॉनिटर सदोष आहे असे वाटू लागते. डिस्प्लेपोर्ट असेल तर ही भानगड उरत नाही. मॉनिटर घेताना मागची तोंडे पाहणे म्हणूनच खोक्यावरचे नाव वाचण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

सगळे जुळले आहे की नाही, हे घरी पाहता येते. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत अडॅप्टिव्ह सिंक किंवा फ्रीसिंक चालू करावे. कित्येक मॉनिटरवर ते कारखान्यातून बंद येते. मग ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्येही चालू करावे. खेळ सुरू असताना मॉनिटरच्या मेनूतले माहितीचे पान उघडावे. पुष्कळ मॉनिटर तिथे चालू वेग दाखवतात. तो आकडा ५२, ६१, ५७ असा हलत असेल तर काम होत आहे. ७५ वर खिळलेला असेल तर केबल, मर्यादा किंवा सेटिंग यांपैकी काहीतरी चुकले आहे. काही व्हीए आणि ओलेड पडद्यांवर मात्र वेग झपाट्याने बदलला की उजेडही कमी-जास्त होतो. खेळ लोड होताना किंवा गडद दृश्यात पडदा थरथरल्यासारखा दिसतो. तसे होत असेल तर बदलता वेग फक्त पूर्ण पडद्यावरच्या खेळांपुरता ठेवावा.

केवळ ऑफिसकाम, वाचन आणि व्हिडिओसाठी मॉनिटर घेणाऱ्याने अडॅप्टिव्ह सिंकसाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. तो पैसा मोठ्या रिझोल्यूशनवर किंवा उंची बदलता येणाऱ्या स्टँडवर घालावा. घरात थोडाफार खेळ चालत असेल तर ४८ ते १०० किंवा त्याहून रुंद मर्यादेचा, डिस्प्लेपोर्ट असलेला मॉनिटर मागावा, आणि दुकानदाराला ही मर्यादा सांगता आली नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या माहितीत किंवा मॅन्युअलमध्ये ती शोधूनच पैसे द्यावेत.